घसा दुखतोय, ताप नाही. नेक चेक म्हणतो चालेल, पण नाडी वाढली आहे. जिम करू का?

पायवाट | मंगळवार, रात्री ९:१०

वय ३१, पुणे. आठवड्यात तीन दिवस जिम, तीन दिवस धावणे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनला बरोबर १९ दिवस उरलेत.

काल संध्याकाळपासून घसा खवखवत होता. आज गिळताना सरळ दुखतो आहे. नाक वाहत नाही, खोकला अजिबात नाही. संध्याकाळी सहाला ताप मोजला तो ९८.८ आला. दुपारी चारला पॅरासिटॅमॉल असलेली सर्दीची गोळी घेतली होती. सकाळी उठल्यावर नाडी एरवी ५६-५७ असते, आज ६६ होती.

उद्या जिममध्ये स्क्वॉट आणि डेडलिफ्टचा दिवस आहे. रविवारी बोपदेव घाटात १८ किमी ठरले आहेत. नेक चेकप्रमाणे त्रास मानेच्या वर असेल तर व्यायाम चालतो असे वाचले आहे. माझे सगळे वरच आहे. मग जाऊ ना?

आखाडा | मंगळवार, रात्री ९:३२

ताई, नियम तुम्ही बरोबर वाचलाय. मानेच्या वर, म्हणजे नाक गळणे, शिंका, घसा खवखवणे एवढेच असेल तर हलका व्यायाम चालतो. मानेच्या खाली, म्हणजे छातीत कफ, अंगदुखी, पोट बिघडणे किंवा ताप असेल तर घरी बसायचे. तुम्हाला ताप नाही. आधी दहा मिनिटे निम्म्या जोराने करून बघा, बरे वाटले तर पुढे चालू ठेवा. गोळी घेऊन गेलात तर घसाही दुखणार नाही. घाम निघाला की सर्दी निम्मी पळते, आमच्या तालमीत हेच करतात.

वसंतमळा | मंगळवार, रात्री ९:५५

मान आखडली असेल तर डेडलिफ्ट नकोच. उशी पातळ करा, गरम पाण्याची पिशवी ठेवा आणि हनुवटी छातीला लावायचा व्यायाम दहा वेळा करा. मला याने फार फरक पडला.

पायवाट | मंगळवार, रात्री १०:०१

वसंतमळा काका, मान नाही हो, घसा दुखतोय :)

पांढराकोट | मंगळवार, रात्री १०:४८

खेळाडूंच्या दुखापती आणि आजार हेच माझे काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आखाडा, नियम तुम्ही नीट सांगितलात. तो रँडी आइकनर या अमेरिकन डॉक्टरांनी १९९३ मध्ये मांडला, दहा मिनिटांच्या चाचणीसकट. पण "गोळी घेऊन जा" या सल्ल्याने तो नियमच मोडतो. गोळीने ताप आणि अंगदुखी झाकली जाते, आणि नेक चेकमध्ये आपण नेमके तेच शोधत असतो. पायवाट, तुमचे ९८.८ हे गोळीनंतर दोन तासांनी घेतलेले आहे. गोळीचा जोर तेव्हा भरात असतो, त्यामुळे त्या आकड्यावरून तुम्हाला ताप नाही असे म्हणता येत नाही.

नाडीचे उलट आहे, ती गोळी घेण्याआधीची आहे. तुमच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा नऊ-दहा ठोके जास्त. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की नाडी साधारण दहा ठोक्यांनी वाढते. अपुरी झोप, कमी पाणी किंवा आदल्या दिवशीचा जड व्यायाम यानेही ती वाढते, म्हणून एकटी नाडी काही सिद्ध करत नाही. पण दुखरा घसा सोबतीला असताना मी त्या दहा ठोक्यांकडे काणाडोळा करणार नाही.

आता मूळ अडचण. हा नियम नाकासाठी उत्तम चालतो, घशासाठी लंगडा पडतो. नाक गळणे आणि शिंका हा बहुतेक वेळा साध्या सर्दीचाच कारभार असतो. घशाचे तसे नाही. घसा मानेतच आहे, वर मोजायचा की खाली हा प्रश्नच आहे. त्यातून एकाच दुखऱ्या घशामागे तीन-चार वेगळे आजार असू शकतात. साधी सर्दी असते. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संसर्ग असतो. फ्लूचा किंवा कोविडचा पहिला दिवस असतो. तरुणांमध्ये ग्रंथिज्वर, म्हणजे ज्याला 'मोनो' म्हणतात तोही असतो. पहिल्या दिवशी हे चारही सारखेच दिसतात.

आणि एक उलटे गणित. "खोकला नाही" हे तुम्ही चांगले लक्षण म्हणून लिहिलेत. नाक गळत नाही, खोकला नाही, पण गिळताना दुखते, हे चित्र सर्दीपेक्षा स्ट्रेपकडे जास्त झुकते. सर्दीचा विषाणू सहसा नाक आणि खोकला सोबत घेऊन येतो.

उद्या सकाळी गोळी न घेता ताप आणि नाडी दोन्ही मोजा. उजेडात आरशासमोर तोंड उघडून टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके आहेत का बघा. जबड्याच्या कोनाखाली बोटांनी दाबून दुखऱ्या गाठी लागतात का बघा, आणि मानेच्या मागच्या बाजूलाही हात फिरवा. तोवर स्क्वॉट नाही.

वसंतमळांनी चुकून कामाचा विषय काढलाय. ताप आहे आणि हनुवटी छातीला लागतच नाही, किंवा तोंड नीट उघडता येत नाही, थुंकी गिळता येत नाही, आवाज तोंडात बटाटा धरल्यासारखा येतो, अशा वेळी मानेचे व्यायाम करत बसायचे नाही. लगेच रुग्णालयात जायचे.

रेघोट्या | मंगळवार, रात्री ११:२०

सहमत, पण नियमाच्या बाजूनेही थोडे सांगतो. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या बॉल स्टेट विद्यापीठात थॉमस वाइडनर यांनी तरुणांना मुद्दाम सर्दीच्या विषाणूची लागण करून एका गटाकडून मध्यम जोराचा व्यायाम करून घेतला, दुसऱ्याकडून नाही. सर्दीची तीव्रता आणि दिवस दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. म्हणजे साध्या सर्दीत हलका व्यायाम नुकसान करत नाही. "घाम काढल्याने सर्दी पळते" यालाही त्यातून आधार मिळत नाही, सर्दी तेवढेच दिवस राहिली.

दहा मिनिटांच्या चाचणीबद्दल माझी एक शंका आहे. व्यायाम सुरू झाला की अॅड्रिनलिन वाढते, नाकातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नाक मोकळे होते. माणसाला वाटते, आपण बरे झालो. ही तर नाकाची तात्पुरती सोय झाली, आजार कुठे गेला?

पांढराकोट | मंगळवार, रात्री ११:४१

शंका योग्य आहे. म्हणून ती चाचणी मी "नाक मोकळे झाले का" या प्रश्नावर सोडत नाही. नेहमीच्या वेगाला नाडी नेहमीपेक्षा बरीच वर जाते का, पाय जड वाटतात का, डोके ठणकते का, हे बघायचे. यातले काहीही झाले की थांबायचे. दुखऱ्या घशात आणखी एक गोष्ट होते. जोराचा श्वास तोंडाने घेतला जातो, घसा कोरडा पडतो आणि आग वाढते. ती आजार वाढल्याची खूण असेलच असे नाही, पण व्यायामाचा फायदाही काही उरत नाही.

वाइडनरांचा प्रयोग सर्दीच्या एकाच विषाणूवर होता. तो स्ट्रेपला किंवा फ्लूला लावता येत नाही. दुसऱ्या टोकाला १९७० चा उंदरांवरचा प्रयोग आहे. कॉक्सॅकी विषाणूची लागण झालेल्या उंदरांना जबरदस्तीने पोहायला लावले, तेव्हा हृदयातला विषाणू कितीतरी पटींनी वाढला आणि जास्त उंदीर मेले. माणूस उंदीर नाही, हे खरेच. पण ताप असताना व्यायाम नाही, यावर आम्ही अडून बसतो त्यामागे हृदयाच्या स्नायूला सूज येण्याची ही भीती आहे. ती क्वचित येते. आली तर मात्र तीन ते सहा महिने खेळ बंद.

पायवाट | बुधवार, सकाळी ७:२५

गोळी न घेता ताप १०१.२. नाडी ७४. टॉन्सिलवर दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके आहेत, जबड्याखाली गाठी दाबल्यावर दुखतात. मानेच्या मागे काही लागले नाही. नाक कोरडे, खोकला नाही. म्हणजे आज जिमला गेले असते तर ताप अंगात घेऊनच गेले असते.

पांढराकोट | बुधवार, सकाळी ८:१०

मग नेक चेकचा प्रश्नच मिटला. ताप आहे, व्यायाम बंद.

ताप, ठिपके, दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव, चारही खुणा तुम्हाला आहेत. पण चारही असलेल्यांतसुद्धा साधारण निम्म्याच जणांत स्ट्रेप निघतो, म्हणून बघून अंदाज बांधण्यापेक्षा घशाचा स्वॅब करून घ्या. आजच डॉक्टरांकडे जा. घरात मागच्या वेळचे उरलेले प्रतिजैविक असेल तर ते घेऊ नका. विषाणू असेल तर त्याचा उपयोग नाही, आणि मोनो असताना अमॉक्सिसिलिन घेतले तर अंगभर पुरळ उठू शकते. मग तो औषधाचा की आजाराचा यात दोन दिवस जातात.

स्ट्रेप निघाला तर पूर्ण दिवसांचे औषध घ्यायचे, बहुधा दहा दिवस. तिसऱ्या दिवशी घसा बरा वाटतो आणि लोक सोडून देतात. स्ट्रेप अर्धवट सोडला तर त्यामागून येणारा संधिवाताचा ताप आपल्याकडे अजून संपलेला नाही, आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होतात. खेळणाऱ्यांची त्यात हमखास फसगत होते. घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो. तो बरा होतोय तोवर घोटा, मग मनगट. माणूस समजतो धावण्याची दुखापत आहे आणि बर्फ लावत बसतो. घशानंतर सांधा बदलत फिरणारे दुखणे आले तर आधी घशाची गोष्ट डॉक्टरांना सांगायची.

कबड्डीघर | बुधवार, दुपारी १:०५

मी शाळेच्या मुलांना कबड्डी शिकवतो. १४ ते १७ वयाची बावीस मुले, पैकी तिघांचा घसा दुखतोय. पुढच्या आठवड्यात जिल्हा स्पर्धा आहे. नेक चेकने पाहिले तर तिघेही पास होतात. खेळवू का? एका पालकाने खोकल्याचे सिरप बरोबर दिले आहे, ते सामन्याआधी दिले तर चालेल का?

पांढराकोट | बुधवार, दुपारी २:३०

सर, खेळणाऱ्याला धोका किती एवढेच हा नियम बघतो. शेजारच्याला लागण होईल का, हे तो विचारत नाही. एकटीने टेकडीवर धावणारी आणि चढाईत अंगाला अंग लावणारा मुलगा यांना एकच नियम लावता येणार नाही. तिघांना सरावातून बाजूला ठेवा. पाण्याची एकच बाटली आणि एकच टॉवेल सगळ्यांत फिरत असेल तर ते आजच बंद करा. कुणाचा स्ट्रेप निघालाच, तर औषध सुरू होऊन निदान चोवीस तास झाले पाहिजेत आणि ताप उतरलेला पाहिजे, तोवर मैदानात नको. या वयात मोनोही होतो, म्हणून घसा आठवड्यानंतरही दुखत असेल आणि मुलगा नुसता झोपून राहात असेल तर रक्त तपासून घ्या.

रेघोट्या | बुधवार, दुपारी ३:१५

सिरपच्या बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलेय ते आधी वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच कफ सिरपमध्ये टर्ब्युटालिन असते. खेळात बंदी असलेल्या औषधांच्या यादीत ते आहे, आणि बंदी फक्त स्पर्धेपुरती नाही, वर्षभर आहे. जिल्हा पातळीवर चाचणी होत नसेलही, पण हीच मुले पुढे राज्यावर जातात आणि सवय तीच राहते. त्याने हात थरथरतात आणि नाडी वाढते, म्हणजे सकाळच्या नाडीवरून काही ठरवणार असाल तर तोही आकडा बिघडला. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असते. त्याला स्पर्धेच्या काळात लघवीतल्या प्रमाणाची मर्यादा आहे.

आखाडा | बुधवार, सायंकाळी ६:४०

मोनो झाला तर काय होते, हे कुणी सांगितलेच नाही. घसाच दुखणार ना, आठवड्यात बरा होईल.

पांढराकोट | बुधवार, रात्री ९:२०

आखाडा, तालमीत हे माहीत असायलाच हवे. मोनोमध्ये पांथरी सुजते, तिचे आवरण ताणले जाते आणि पोटावर धक्का बसला किंवा जोर आला तर ती फुटू शकते. फुटण्याच्या घटना कमी असतात, पण बहुतेक पहिल्या तीन आठवड्यांत होतात, आणि त्यातल्या काही धक्का न बसताही होतात. म्हणून निदान तीन आठवडे व्यायाम नाही. कुस्ती, कबड्डी आणि श्वास कोंडून जड वजन उचलणे यांना चार तरी. तोवर घसा केव्हाच बरा झालेला असतो, माणूस "मला काही झालेले नाही" म्हणत असतो, आणि नेक चेकही त्याला पास करतो. हाताला पांथरी लागत नाही म्हणून ती सुजलेली नाही, असेही नसते. डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात अचानक दुखू लागले तर तडक रुग्णालय.

पायवाट | शनिवार, सकाळी ९:३०

स्वॅबमध्ये स्ट्रेप निघाला. औषध बुधवारी दुपारी सुरू झाले. शुक्रवारी सकाळपासून ताप नाही, तापाची शेवटची गोळी गुरुवारी रात्री. आज नाडी ६०. गिळताना किंचित दुखते. मंगळवारपासून पाच दिवस बसून आहे, १५ दिवस उरलेत. उद्या घाटात निदान दहा किमी तरी?

पांढराकोट | शनिवार, दुपारी १२:१५

उद्या घाट नको. गोळीशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नाही ही पहिली अट तुम्ही पार केलीत. नाडी नेहमीपेक्षा तीन-चार ठोके वर आहे, तेवढी चालते. मी असे करायला सांगेन:

उद्या रविवारी सपाटीवर वीस-पंचवीस मिनिटे चालणे. सोमवारी सकाळी नाडी ६० किंवा खाली असेल तर पंधरा-वीस मिनिटे सावकाश धावणे, पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच वेगाने. मंगळवारी सुट्टी किंवा जिममध्ये निम्मे वजन, निम्मे सेट. शेवटचे रेप खेचून काढायचे नाहीत आणि श्वास कोंडायचा नाही. बुधवारी तीस मिनिटे, गुरुवारी पुन्हा जिम, शुक्रवारी चाळीस, त्यात थोडा चढ. दर टप्प्यानंतर दुसऱ्या सकाळची नाडी बघायची. पाचेक ठोक्यांनी वाढली तर त्या दिवशी विश्रांती, पुढचा टप्पा एक दिवस मागे. पुढच्या रविवारी सगळे सुरळीत असेल तर दहा-बारा किमी, वेगाचा हट्ट न धरता.

जितके दिवस ताप तितके दिवस हळूहळू परतायचे, असे आम्ही ढोबळमानाने सांगतो. तो अनुभवाचा हिशेब आहे, प्रयोगाचा नाही. तुम्हाला ताप साधारण तीन दिवस होता, मी आठवडा धरलाय, कारण औषध अजून चालू आहे.

आखाडा | शनिवार, दुपारी १:४०

डॉक्टर, एवढे कमी केल्यावर तिचा दम राहील का? दहा-बारा दिवसांत सगळी मेहनत पाण्यात.

रेघोट्या | शनिवार, दुपारी २:०५

आठवड्याभरात जे कमी होते त्यात मोठा वाटा रक्तातल्या पाण्याचा असतो. विश्रांतीच्या पहिल्या काही दिवसांतच रक्ताचा द्रव भाग घटतो, म्हणून त्याच वेगाला नाडी जास्त दिसते आणि दम गेल्यासारखे वाटते. सराव सुरू झाला की तो काही दिवसांत भरून येतो. स्नायूंची ताकद एवढ्यात जात नाही. फक्त सोमवारी धावताना नाडी जास्त दिसली तर ती या घटीमुळे की आजारामुळे, हे धावताना कळायचे नाही. ते दुसऱ्या सकाळच्या नाडीवरूनच ओळखायचे.

पायवाट | पुढचा गुरुवार, सकाळी ७:००

सोमवार, मंगळवार छान गेले, नाडी ५८, ५८, ५९. काल तीस मिनिटांऐवजी पंचेचाळीस धावले, शेवटी टेकडीही चढले, कारण बरे वाटत होते. आज सकाळी नाडी ६५, ताप नाही, घसा ठीक, मांड्या जड. औषधाचे दोन दिवस बाकी आहेत.

पांढराकोट | पुढचा गुरुवार, सकाळी ७:५०

आज जिम नको. रविवारचा पल्ला दहाच्या पुढे न्यायचा नाही. उद्या नाडी ६० वर आली तर शुक्रवारचे चाळीस मिनिटे ठेवा, चढ वगळून. दोन दिवसांत खाली आली नाही, किंवा छातीत धडधड, दुखणे, चक्कर, जिना चढताना दम यातले काही वाटले तर व्यायाम थांबवून ईसीजी काढून घ्या.

पायवाट | पुढचा गुरुवार, सकाळी ८:०५

बरं. आणि साताऱ्याचे?

पांढराकोट | पुढचा गुरुवार, सकाळी ८:३०

आज सांगता येणार नाही. रविवारचे दहा किमी झाल्यावर सोमवार-मंगळवारची नाडी लिहा, मग बोलू. यवतेश्वरच्या चढावर मागच्या वर्षीची वेळ गाठायची असेल तर यंदा नाहीच म्हणेन. नुसते पूर्ण करायचे असेल तर शक्य आहे, पण तेही तुमच्या आकड्यांवर.

आखाडा | पुढचा गुरुवार, सकाळी ९:१२

चालत पूर्ण केले तरी मेडल मिळते ताई. घाम काढण्याबद्दलचे माझे मत मात्र मी अजून सोडलेले नाही.